सुतकातला प्रिंटर

आमच्या सासऱ्यांनी मरायला मे महिना निवडला. बऱ्हाणपुरात मे महिन्यात शहाणा माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही, मरायचं तर सोडाच. पण त्यांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट लोकांची सोय बघून केली नव्हती, त्यामुळे कोणाला फार आश्चर्य वाटलं नाही. भेटायला येणारे सगळे ऊन उतरल्यावर एकदम यायचे, ओळीने बसायचे, सुतकाच्या घरचं पाणी घ्यायचं नाही म्हणून कोरड्या घशाने दोन शब्द बोलायचे आणि उठायचे. मी सून असल्यामुळे डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी. घामाने पदर कपाळाला चिकटायचा आणि लोकांना वाटायचं मी रडतेय.

रडले नव्हते असं नाही. सासऱ्यांचं आणि माझं बरं जमायचं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता, मागे आम्ही राहायचो, मधे एक दार. मला बघायला आले तेव्हा त्यांनी पोळ्या गोल येतात का असलं काही विचारलं नाही. कॉम्प्युटरवर फोटोचं मागचं बॅकग्राउंड कापता येतं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, केसांच्या कडेसकट येतं. ते सासूबाईंकडे वळून म्हणाले, "घेऊन टाका." माझं लग्न जमायला लागला तो एवढाच वेळ.

तर स्टुडिओ. आधी डार्करूम होती, मग ती गेली, आणि त्या जागी सहा रंगांचा टाकीवाला प्रिंटर आला. बाजूला सहा पारदर्शक टाक्या: काळा, पिवळा, निळा, गुलाबी, आणि निळ्या-गुलाबीची एकेक फिकट बहीण. या फिकट बहिणी फोटोसाठी फार महत्त्वाच्या. माणसाच्या चेहऱ्याची कातडी मुख्यतः फिकट गुलाबी आणि पिवळ्यातून बनते, त्यातली फिकट गुलाबी रुसली की नवरदेव काविळीचा पेशंट दिसतो.

आमच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, दुसरा स्टुडिओ. त्याचे मालक आणि आमचे सासरे यांनी तरुणपणी एकत्र धंदा सुरू केला होता. एकाच सायकलवर बसून दापोऱ्यापासून तुकईथडपर्यंतची लग्नं मारली होती. मग भांडले. शाईवरून. सासऱ्यांचं म्हणणं, शाई कंपनीचीच घालायची. समोरच्यांचं म्हणणं, लोकल बाटलीतली घातली तर काय बिघडतं, गिऱ्हाईक काय जीभ लावून बघतं का. झालं, दोन माणसं शाईवरून वेगळी झाली आणि एकाच रस्त्यावर समोरासमोर दुकान थाटून बसली. सासरे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे की समोरचा फोटो पुढच्या होळीपर्यंत उडून जातो, नवरा राहतो आणि नवरी गायब होते. समोरचे काय सांगायचे ते मला माहीत नाही, पण तेही मौनी बाबा नव्हते.

आणि सासऱ्यांचं एक कायमचं वाक्य होतं. दुकानात, जेवताना, लग्नाच्या पंगतीत, कुठेही समोरच्यांचा विषय निघाला की ते म्हणायचे, "मी मेलो तरी त्याच्या दुकानाची पायरी चढणार नाही."

आता ते मेले होते. दहाव्याला तापीच्या घाटावर पिंडाजवळ फोटो ठेवावा लागतो. आणि सासूबाईंनी ते वाक्य शब्दशः धरलं होतं.

"त्यांचा फोटो त्यांच्याच दुकानात निघेल," त्या म्हणाल्या. "समोर नाही, अन् गावात दुसरीकडंही नाही. ज्यानं जिंदगीभर लोकांचे फोटो काढले, त्याचा फोटो बाहेरून आणला तर लोक काय म्हणतील? त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. बाकीचं तर कधी काही सांगितलंच नाही त्या माणसानं."

हे शेवटचं त्या रागाने म्हणाल्या, पण त्यातलं दुःख खरं होतं. सासरे घरात फार कमी बोलायचे. सगळं बोलणं गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेलं. त्यामुळे नवऱ्याचं एखादं तरी म्हणणं आपण पुरं करतोय, एवढंच सासूबाईंना हवं होतं. मला ते समजत होतं. मला हेही समजत होतं की प्रिंटरला ते समजणार नाही.

कारण प्रिंटरची एक गोष्ट आमच्या घरात माझ्याशिवाय कोणी लक्षात घेतली नव्हती. सासरे रोज सकाळी दुकान उघडलं की देवाला अगरबत्ती लावायचे आणि त्याच दमात प्रिंटरवर देवीचं एक छोटं चित्र काढायचे. लाल साडी, हिरवा चुडा, मागे निळी प्रभा, अंगावर पिवळे दागिने, काळे केस. पहिल्या गिऱ्हाइकाला ते चित्र फुकट. बऱ्हाणपूरच्या निम्म्या रिक्षांत आमची देवी चिकटवलेली होती. घरच्यांना वाटायचं, केवढी भक्ती. भक्ती होतीच, पण मला त्यांनी सांगितलं होतं, "बेटा, या चित्रात सगळे रंग चालतात. कागदावर शाई सोडणारं हेड असतं ना, त्याच्या खाली केसाहून बारीक छिद्रं आहेत. त्यांतून रोज थोडी थोडी शाई गेली तर ती मोकळी राहतात. चार दिवस थांबलं की शाई तोंडाशीच वाळते. आपल्याकडचं ऊन तुला माहीत आहे ना."

सुतकात पूजा बंद. पूजा बंद म्हणून देवीही बंद. मी दुसऱ्याच दिवशी म्हटलं होतं, "आई, प्रिंटरवर एक पान काढून घेऊ का?" तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू घरात मटण शिजवायला निघाले होते. "सुतकात देवी छापते?" मी म्हटलं, मग देवी नको, केळीचा घड छापते, त्यातही पिवळा-हिरवा येतो. त्यांनी दुकानाची किल्ली कमरेला खोचली.

आणि वर आणखी एक. सासऱ्यांच्या छातीत कळ आली तेव्हा ते दुकानातच होते, प्रिंटरमधून कोणाचे तरी पासपोर्ट फोटो निघत होते. माझ्या नवऱ्याने त्यांना उचललं आणि जाता जाता भिंतीवरचं मेन बटण पाडलं. घाईत माणूस तेच करणार. पण प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड सरकत उजव्या कोपऱ्यात जातं आणि तिथल्या रबरी वाटीवर टेकून बसतं, तोंड झाकून. मेन पाडलं की ते जिथे असेल तिथे थांबतं. आमचं हेड मधोमध उघड्या तोंडाने उभं राहिलं, मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली, शटर बंद.

दहावा जवळ आल्यावर किल्ली मिळाली. शटर अर्धंच वर केलं, सुतकात दुकान उघडल्यासारखं दिसू नये म्हणून. आम्ही वाकून आत गेलो. सासूबाईंनी फोटो निवडून ठेवला होता. पुतण्याच्या लग्नातला, राणी रंगाच्या शर्टातला. मृत माणसाला शोभेल असा गंभीर फोटो बघा असं दिरांनी सुचवलं होतं, पण त्या म्हणाल्या, "गंभीर तर ते घरात असायचे. बाहेर गेले की असे हसायचे. हाच पाहिजे."

मी प्रिंटर चालू केला. हेड कुरकुरत कोपऱ्यात गेलं. पहिला फोटो निघाला आणि माझ्या नवऱ्याच्या तोंडून शिवी निघाली. सासऱ्यांचा चेहरा हिरवट, त्यावर ठराविक अंतरावर आडव्या पांढऱ्या रेघा, कपाळापासून हनुवटीपर्यंत. राणी रंगाचा शर्ट मातकट झाला होता. आपण पट्ट्यांच्या पडद्यामागून कोणाला तरी बघतोय असं दिसत होतं. सासूबाईंनी तो फोटो हातात घेतला, बघितला, उलटा करून टेबलावर ठेवला.

मी नोझल चेकचं पान काढलं. यात प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांची एकेक जाळी छापून येते. जिथे छिद्र बंद तिथे रेघ तुटलेली. काळा ठीक, पिवळा ठीक, निळा आणि गुलाबी बऱ्यापैकी, फिकट निळ्यात दोन-चार फटी. आणि लाइट मॅजेंटाच्या, म्हणजे फिकट गुलाबीच्या, जागी जवळपास काहीच नाही. चार रेघा उगवल्या होत्या, तेवढ्याच.

"क्लिनिंग मार," नवरा म्हणाला. त्याने मोबाईलवर व्हिडिओ बघितले होते. व्हिडिओ बघितलेला नवरा हा फार मोठा धोका असतो.

हेड क्लिनिंग म्हणजे प्रिंटर हेडला रबरी वाटीवर बसवतो आणि खालून पंपाने शाई ओढतो, म्हणजे तोंडाशी वाळलेली गुठळी शाईबरोबर निघून यावी. पहिल्या क्लिनिंगला फिकट निळा भरला. दुसऱ्याला मॅजेंटाच्या आणखी थोड्या रेघा आल्या. मी म्हटलं, आता थांबू, रात्रभर राहू दे, शाई आतून गुठळीला भिजवेल. पण मी पाणी प्यायला मागे गेले आणि त्याने तिसऱ्यांदा मारलं, चौथ्यांदाही मारलं. परत येऊन बघते तर पिवळा, जो पहिल्यापासून धडधाकट होता, तोच गायब.

"अब ये क्या नया लफडा?" तो म्हणाला.

"हवा ओढलीस," मी म्हटलं. "सारखं सारखं ओढलं की शाईच्या जागी हवा येते. बरं, ही शाई जाते कुठे माहितीये? खाली स्पंज आहे त्यात. तो भरला की प्रिंटर लाल दिवे लावून बसेल, आणि मग आपण फोटोऐवजी दिवे घाटावर न्यायचे."

त्याने बटणावरचं बोट काढलं. त्याचा बाप गेला होता, मला एवढं टोचून बोलायला नको होतं असं कोणी म्हणेल. पण बाप त्याचा होता तसा प्रिंटर माझा होता, आणि मीही दमले होते.

सकाळी पुन्हा चेकचं पान काढलं. पिवळा आपोआप परत आला होता. मॅजेंटाची फट मात्र तशीच, त्याच जागी. यातून काय ते कळतं. दर पानाला फट जागा बदलत असेल तर हवा, थांबलं की जाते. फट एकाच जागी ठाण मांडून असेल तर शाई घट्ट वाळलीय, तिला बाहेरून भिजवायला पाहिजे. मी हेड क्लिनरचं पाणी काढलं, टिश्यू पेपरची घडी त्यात ओली केली, हेड ज्या रुळावरून सरकतं त्याच्या खाली ठेवली, आणि हाताने हेड सरकवून त्या ओल्या घडीवर आणून उभं केलं. दुपारभर तसंच. संध्याकाळी घडी काढली तर तिच्यावर रंगांचे सुंदर पट्टे उमटले होते, आणि त्यांत गुलाबी होता. चेकचं पान काढलं. मॅजेंटाची निम्मी जाळी परत. मी इतकी खूश झाले की सुतकात मोठ्याने हसले, आणि दाराशी बसलेल्या कोणीतरी मान वळवून बघितलं.

"अजून एक रात्र," मी सासूबाईंना म्हटलं. "उद्या निघतो तुमचा फोटो." त्या पहिल्यांदा नीट जेवल्या त्या दिवशी. मी पुन्हा ओली घडी ठेवून आले.

मग दापोऱ्याहून काका आले.

काका म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ. केळीचे मोठे बागाईतदार. अतिशय प्रेमळ माणूस आणि कुठल्याही बंद पडलेल्या वस्तूचा शत्रू. काहीही बंद पडलं की त्यांना ते उघडायचंच असतं. त्यांना आमची अडचण कळली, तसे ते अर्ध्या शटरखालून वाकून आत आले आणि मला विचारू लागले. मी समजावून सांगितलं. छिद्रं बारीक आहेत, रोज पाणी, म्हणजे शाई, वाहिली पाहिजे, थांबली की क्षार जमतो तसं होतं. हे मी सोपं करून सांगायला गेले आणि तिथेच फसले.

"म्हणजे ठिबकच झालं ना हे!" काकांचा चेहरा उजळला. "अगं बेटा, माझ्या बागेत हजारो ड्रिपर आहेत. आपलं बोअरचं पाणी खारट, दरसाल चोक होतात. ॲसिड ट्रीटमेंट देतो आम्ही. नळीत सोडायचं, ठेवायचं, मग पाणी मारून धुवायचं. एकदम खुल्लं."

"काका, ठिबक वेगळं, हे वेगळं. याला असलं काही लावायचं नाही."

"हां हां," काका म्हणाले.

केळीवाल्याचं "हां हां" म्हणजे होकार नसतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागे पिठलं टाकत होते, तेवढ्यात काकांनी मोटरसायकलच्या डिक्कीतून ठिबकच्या ॲसिडची बाटली काढली. त्यांनी ते पाण्यात पातळ केलं, तेही अगदी नीट, आधी पाणी मग ॲसिड, जसं बागेत करतात तसं. माझ्या ओल्या घडीवर ओतलं. आणि थोडं हेडच्या वरूनही सोडलं, कारण बागेत वरूनच सोडतात. मग ते हात धुऊन बाहेर येऊन बसले आणि मला म्हणाले, "काम फत्ते. दुपारी धुऊन टाक."

मी धावत गेले. घडी ओढून काढली तर तिच्यावर रंग पसरला नव्हता, फाटला होता. दूध फाटल्यावर चोथा आणि पाणी वेगळं होतं ना, तसे गुलाबी कण एकीकडे आणि पाणी एकीकडे. शाईत रंग विरघळून राहतो तो एका ठराविक बेतानेच, ॲसिड पडलं की रंग पाण्यातून बाहेर येऊन साकळतो. जी गुठळी मी दोन दिवस भिजवत होते तिच्या शेजारी काकांनी नव्या गुठळ्या घातल्या होत्या.

मी हरले नाही. हेड बाहेर काढलं. सिरिंजला मऊ नळी लावली, शाई आत येते त्या टोकांवर एकेक करून बसवली आणि क्लिनरचं पाणी अगदी हळू ढकललं, जोर न लावता, कारण जोराने आतली पातळ पापुद्र्यासारखी रचना फाटते. बराच वेळ गढूळ आलं, मग स्वच्छ आलं. सगळ्या रंगांच्या छिद्रांतून पाणी पाझरायला लागलं. मी हेड कोरडं केलं, बसवलं, शाई भरेपर्यंत एक क्लिनिंग दिलं, थांबले, मग चेकचं पान काढलं.

दोन्ही मॅजेंटा कोरे. फिकट निळा कोरा. काळ्याची वरची अर्धी जाळी कोरी. पुन्हा थांबले, पुन्हा काढलं. त्याच जागा, तशाच्या तशा, एक रेघही इकडची तिकडे नाही.

हेड गेलं हे कधी समजायचं, ते मला त्या दिवशी कळलं. पाणी जात नसेल तोवर आशा असते, ते बुजलेलं असतं. पाणी स्वच्छ जातंय आणि तरी छापत नाही, म्हणजे छिद्र मोकळं आहे, पण शाईला आतून धक्का देणारी वीज मेली. वरून सोडलेलं ॲसिड तिथपर्यंत उतरलं होतं. त्यानंतर कितीही क्लिनिंग मारा, टाकीतली शाई कमी होत जाते, बाकी काही होत नाही. नवं हेड इंदूरहून मागवावं लागतं आणि ते जवळपास नव्या प्रिंटरइतकंच महाग पडतं. दहावा उद्यावर आला होता.

"ब्लॅक अँड व्हाइट काढ," नवरा म्हणाला.

"काळ्यालाही रेघा आहेत. आणि आईंना राणी रंगाचा शर्ट हवाय."

काका ओट्यावर बसून रडत होते. भावासाठी इतके दिवस जे रडले नव्हते ते प्रिंटरसाठी रडत होते. "माझ्या हातानं मारलं गं," असं म्हणायचे. भेटायला आलेल्या एका बाईंनी ते ऐकलं आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "प्रिंटरबद्दल म्हणताहेत." तिचा विश्वास बसला नसावा.

मग मी सासूबाईंना जाऊन सांगितलं. स्पष्ट सांगितलं, आडवळण न घेता. हेड संपलं, इथे आता फोटो निघणार नाही, पेन ड्राइव्हवर फाइल घालून समोर किंवा कुठेतरी पाठवावी लागेल. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"पेन ड्राइव्ह गेला म्हणजे ते गेले का?" नवऱ्याने मधेच तोडगा काढला. "पायरी तर मी चढणार."

"फोटो त्यांचाच ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग तेच गेले. नका नेऊ. बिना फोटोचं करू. एवढी एक गोष्ट मला करता नाही आली त्यांच्यासाठी, ठीक आहे." आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

मला फार वाईट वाटलं. मला राग आला काकांचा, नवऱ्याचा, सासऱ्यांच्या त्या वाक्याचा, समोरच्यांचा, शाईचा. माणूस मरून गेल्यावरही त्याचा हट्ट कोणीतरी सांभाळत बसतं, आणि तो सांभाळणारा माणूस बहुतेक बाईच असते.

काका तेवढ्यात उठून कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गेले होते. तिथे त्यांनी सगळ्या रस्त्याला आपला गुन्हा सांगितला असणार, कारण ऊन कलायच्या आतच समोरच्या दुकानात हालचाल दिसली. मी आमच्या अर्ध्या शटरखालून बघत होते. समोरचे दुकानातून बाहेर आले. त्यांच्या दोन्ही हातांत त्यांचा प्रिंटर होता.

टाकीवाला प्रिंटर शाई भरलेला असताना उचलायचा म्हणजे सोपं काम नाही. जरा तिरका झाला की टाक्यांतून शाई आत सांडते आणि सगळा प्रिंटर रंगपंचमी खेळतो. त्यांनी तो छातीशी आडवा, अगदी सपाट धरला होता. वायर खांद्यावर टाकलेली. पाऊल बघून टाकत होते, कारण रस्ता आमच्या नगरपालिकेचा. मधोमध आल्यावर एक ऑटो जोरात हॉर्न देत आली आणि त्यांनी न थांबता, न वळता, नुसती शिवी दिली. ऑटो थांबली. मागे दोन मोटरसायकली थांबल्या. म्हातारा माणूस भर उन्हात प्रिंटर घेऊन रस्ता ओलांडत होता, आणि सगळा रस्ता त्याच्यासाठी उभा होता.

मी शटर पूर्ण वर केलं.

ते आमच्या दुकानाच्या पायरीशी आले. क्षणभर थांबले, खाली बघितलं, आणि चढले. टेबलावर जागा करायला मी आमचा मेलेला प्रिंटर बाजूला ओढला. त्यांनी त्यांचा ठेवला, वायर लावली, स्वतःच्याच बटणाने चालू केला. सासूबाई मधल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"भाभी, तो म्हणाला होता, येणार नाही म्हणून," समोरचे त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "मी थोडीच म्हटलं होतं? आणि म्हटलं असेल तर म्हटलं असेल. दुकान त्याचं, कॉम्प्युटर त्याचा, कागद त्याचा. मशीन फक्त माझी. चालेल ना?"

सासूबाईंनी प्रिंटरच्या टाक्यांकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "शाई कुठली?"

माझ्या नवऱ्याने डोळे मिटले.

"लोकल," समोरचे म्हणाले. "खोटं कशाला बोलू. पण रोज पान काढतो मी. नोझल पुरे आहेत, बघून घ्या."

त्यांनी चेकचं पान काढलं. सहाही जाळ्या सलग. त्यांनी ते पान सासूबाईंकडे धरलं, मग लक्षात आलं की त्यांना त्यातलं काय कळणार, म्हणून माझ्याकडे दिलं. मी म्हटलं, "पूर्ण आहे, आई."

"काढा," सासूबाई म्हणाल्या.

लोकल शाईचा रंग आमच्या कागदावर जरा लालसर पडला, तो मी कॉम्प्युटरवर उतरवला. दुसऱ्या खेपेला फोटो बरोबर आला. हेड इकडून तिकडे जात होतं आणि कागद थोडा थोडा पुढे येत होता. आधी पांढरे केस, मग कपाळ, सलग, एकही रेघ नाही. मग हसणारे डोळे, नाक, मिशी. मग तो राणी रंग. समोरचे कागदावर वाकून बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. फोटो पूर्ण बाहेर आल्यावर त्यांनी तो कडेला धरून उचलला, शाईला बोट न लावता, आणि फोटोलाच म्हणाले, "काय शर्ट घातला आहेस रे गध्या."

मग त्यांना खाली बसावं लागलं. मी खुर्ची सरकवली. वाऱ्यासाठी पंखा लावला, तर ते ओरडले, "फोटो वाळू दे आधी, धूळ बसेल!" मी पंखा बंद केला. ते बराच वेळ तसेच घामाघूम बसून राहिले.

"सूनबाई, थोडा चहा देते का?" त्यांनी विचारलं.

मी अवघडले. इतक्या दिवसांत बाहेरचं कोणी आमच्याकडे पाणीही प्यायलं नव्हतं. "पण सुतक आहे. तुम्हाला चालेल?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला जवळून त्यांचा चेहरा दिसला. रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून, पावडर लावून गल्ल्यावर बसणारा माणूस. गालांवर पांढरे खुंट दाट वाढले होते, माझ्या नवऱ्याच्या गालांवर वाढले होते तेवढेच.

"मला काय विचारते सुतकाचं," ते म्हणाले. "मी पण पाळून राहिलो ना."

मी आत जाऊन आधण ठेवलं. आतून मला सासूबाईंचा आवाज ऐकू आला. आवाज नेहमीचाच होता, भाजीवाल्याला सांगावं तसा.

"उद्या घाटावर लवकर या," त्या सांगत होत्या. "न्हावी एकच सांगितला आहे. आणि भावांची पाळी आधी."